सोनोग्राफीत अवचित सापडलेली डर्मॉइडची गाठ : थांबायचं कधी, काढायची कधी

प्रश्न : नमस्कार डॉक्टरबाई. मी देवगड तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. वय ३१, मुलगा चार वर्षांचा. गेल्या महिन्यात डाव्या कुशीत कळ आली म्हणून कणकवलीला सोनोग्राफी केली. मुतखडा निघाला, तो पडूनही गेला. पण रिपोर्टात उजव्या ओव्हरीत ४६ बाय ४१ बाय ३८ मिलिमीटरची ‘डर्मॉइड सिस्ट’ लिहिली आहे. त्या बाजूला दुखत काहीच नाही, पाळी नियमित. एक डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांनी बघू, दुसरे म्हणाले पुढच्याच आठवड्यात काढून टाकू. पाळीच्या दुसऱ्या दिवशी रक्त देऊन सीए-१२५ तपासलं, ते ४८ आलं. तेव्हापासून झोप नाही. आत केस आणि दात असतात हे सासूबाईंच्या कानावर गेलं, आणि ‘ह्यां काय तरी भायरचां’ म्हणत त्या देवळात कौल लावून आल्या. मिस्टर बोटीवर असतात, मे महिन्यात येतील. पुढच्या वर्षी दुसरं मूल हवंय. काढू की थांबू?

उत्तर : थांबा, असं माझं मत आहे. पण थांबायचं म्हणजे रिपोर्ट कपाटात ठेवून विसरायचं नाही. तीन महिन्यांनी एक सोनोग्राफी करायची, ती कशी करायची ते पुढे सांगते. आणि रात्री-अपरात्री पोटात दुखलं तर काय करायचं हे आजच ठरवून ठेवायचं. या दोन गोष्टी होणार नसतील, तर मी त्या दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूला जाईन.

आधी झोपेचा प्रश्न सोडवू. सीए-१२५ हा रक्तातला एक पदार्थ, कॅन्सरच्या शंकेने तपासतात. त्याची नेहमीची मर्यादा ३५ धरतात, म्हणून तुमच्या ४८ पुढे लॅबने ठळक अक्षरात ‘जास्त’ असं छापलं असणार. हा पदार्थ फक्त कॅन्सरच्या गाठीतून येत नाही. पोटाच्या आतल्या अस्तराला जरा जरी चिडचिड झाली तरी तो रक्तात वाढतो. पाळीत वाढतो, गरोदरपणात वाढतो, फायब्रॉइडमुळे वाढतो, आणि एंडोमेट्रिओसिसमध्ये तर चांगलाच वाढतो. तुम्ही रक्त दिलंत पाळीच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी निरोगी बायकांचा आकडा चाळिशीच्या पुढे निघेल. पाळी चालू असलेल्या वयात, सोनोग्राफीत डर्मॉइड स्पष्ट दिसत असताना, ही तपासणी सांगावीच का, हा माझा जुना वाद आहे. ती पुन्हा करू नका. दर महिन्याला आकडा बघत बसलात तर तो कधी ३० येईल, कधी ५०, आणि त्यातून गाठीबद्दल काहीही कळणार नाही.

आता केस आणि दात. तुमच्या सासूबाईंनी कौल लावला याचं मला नवल नाही. मी शिकत असताना पहिल्यांदा अशी गाठ उघडलेली पाहिली, तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. आत लोण्यासारखा पिवळट मेद, त्यात गुंतलेली केसांची जुडी, आणि भिंतीला चिकटलेला एक खराखुरा दात. पण यात बाहेरचं काही नाही, सगळं घरचंच आहे. अंडाशयात आपल्या जन्माआधीपासून बीजपेशी असतात. शरीरातली कुठलीही गोष्ट घडवायची ताकद त्यांच्यात असते, कारण पुढे मूल त्यांच्यातूनच व्हायचं असतं. त्यातली एखादी पेशी पुरुषबीजाशी गाठ न पडताच स्वतःहून विभागायला लागते. तिला मूल घडवता येत नाही, पण कातडी घडवता येते. कातडी आली की तिच्याबरोबर केस येतात, घाम येतो, तेलाच्या ग्रंथी येतात. या ग्रंथी वर्षानुवर्षं थोडं थोडं तेल सोडत राहतात आणि गाठ भरत जाते. कधी हाड, कधी दात, कधी थायरॉइडची पेशीही सापडते. ही गाठ लग्न न झालेल्या मुलींमध्येही असते. ती गर्भ नव्हे, पोटात राहिलेलं जुळंही नव्हे, आणि कुणाच्या नजरेने तर नाहीच नाही. सासूबाईंना एवढंच सांगा की आतमध्ये कातडीचीच एक पिशवी आहे, फक्त ती उलटी शिवलेली आहे. केस बाहेर यायचे ते आत उगवलेत.

यातूनच एक व्यवहाराची गोष्ट निघते. तेल आणि केस गोळीने विरघळत नाहीत. पाळीच्या चक्रात होणारी पाण्याची गाठ एक-दोन महिन्यांत आपोआप जाते, म्हणून शेजारणीची गाठ ‘औषधाने’ गेलेली असते. डर्मॉइड तशी जात नाही. हार्मोनच्या गोळ्यांनी नाही, काढ्यानेही नाही. तुम्हाला कुणी तीन महिन्यांचा कोर्स देऊन गाठ वितळवायचं वचन दिलं, तर ते पैसे मुलाच्या शाळेला ठेवा.

मग ही खरंच डर्मॉइड आहे कशावरून? सोनोग्राफीत केस आणि घट्ट मेद पांढरेशुभ्र दिसतात आणि त्यांच्या मागे काळी सावली पडते. मोकळे केस बारीक रेघा आणि ठिपक्यांसारखे दिसतात. तुमच्या रिपोर्टात ‘एकोजेनिक नोड्यूल’ आणि ‘शॅडोइंग’ असे शब्द आहेत का ते बघा. असतील, आणि घट्ट भागात रक्ताचा प्रवाह नाही असं लिहिलं असेल, तर निदान बऱ्यापैकी पक्कं. अशा ठरावीक चेहऱ्याची, दहा सेंटिमीटरच्या आतली गाठ कॅन्सर निघण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी धरतात.

यात दोन खाचखळगे आहेत. पहिला असा की पांढरा भाग आवाजाच्या लहरी गिळून टाकतो, त्यामुळे गाठीची मागची कड दिसतच नाही. ओहोटीला खडकाचं टोक वर दिसतं आणि खाली खडक किती आहे ते होडीवाल्यालाच ठाऊक असतं, तसं हे आहे. घाईत मापलं तर गाठ प्रत्यक्षापेक्षा लहान भरते. दुसरा खळगा म्हणजे तिच्यासारखी दिसणारी दुसरीच वस्तू. अंडाशयात रक्तस्राव होऊन झालेली गाठ, ताज्या रक्ताच्या गुठळीमुळे, कधीकधी हुबेहूब डर्मॉइडसारखी दिसते. आतड्यातला वायू आणि मळही फसवतो. तुमची सोनोग्राफी मुतखड्यासाठी झाली, म्हणजे पोटावरून, मूत्राशय भरलेलं असताना, आणि तपासणाऱ्याचं लक्ष किडनीकडे. त्या एका चित्रावर पुढच्या आठवड्यात पोट उघडायला मी तयार होणार नाही.

म्हणून तीन महिन्यांनी योनीमार्गातून सोनोग्राफी करा, पाळी संपल्यावर दोन-चार दिवसांत. रक्ताची गाठ असेल तर एव्हाना ती आटलेली असेल, निदान बदललेली तरी दिसेल. डर्मॉइड मात्र जशीच्या तशी असेल. तपासणाऱ्याला सांगा की गाठीची तिन्ही मापं हवीत, डावं अंडाशयही नीट बघा आणि आधीचा रिपोर्ट समोर ठेवा. डावीकडे बघायचं कारण असं की दहातल्या एकीला दोन्ही बाजूंना डर्मॉइड असते. एमआरआय सगळ्यांना लागत नाही. चित्र संदिग्ध असेल तेव्हाच तो उपयोगी. त्यात मेदाचा उजेड दाबून टाकायची एक सोय असते, आणि तेवढ्या भागात अंधार झाला की मेदच आहे हे कळतं.

आता थोडं गणित. पाळी चालू असलेल्या वयात डर्मॉइड सरासरी वर्षाला दोन मिलिमीटरहूनही कमी वाढते. म्हणजे आजची ४६ मिलिमीटरची गाठ पाच वर्षांनी सुमारे ५५ ची होईल. दोन वेगळ्या मशीनवर, दोन वेगळ्या हातांनी तीच गाठ मापली तर तीन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो. तेव्हा पुढच्या वेळी ४९ आलं म्हणून ‘गाठ वाढली’ असं घरात सांगू नका. शक्यतो एकाच सेंटरला जा. मला काळजी वाटते ती वर्षात दोन सेंटिमीटर वाढणाऱ्या गाठीची. तेवढी वाढ साध्या डर्मॉइडच्या स्वभावात बसत नाही. आणखी एक लक्षात ठेवा, माप दुप्पट झालं की आतला ऐवज आठपट होतो. तुमच्या गाठीत आज जेमतेम ३७ मिलिलिटर माल आहे, मोठ्या रातांब्याएवढा. नऊ सेंटिमीटरच्या गाठीत तो पावणेचारशेच्या पुढे जातो. वजनाचा हा फरक पुढे पिळाच्या, म्हणजे अंडाशय देठाभोवती गिरकी घेण्याच्या, वेळी कामाला येतो.

दोन डॉक्टरांनी दोन मतं दिली म्हणून एक हुशार आणि एक अडाणी ठरत नाही. दोघं वेगवेगळ्या धोक्याकडे बघताहेत. काढा म्हणणाऱ्याला पिळाची भीती आहे. गाठ आपोआप जाणार नाही, तुम्ही तरुण आहात, पुढे कधीतरी काढावीच लागेल, मग आज का नको, असं त्यांचं म्हणणं असणार. थांबा म्हणणाऱ्याला अंडाशयाची काळजी आहे. गाठ सोलून काढताना तिच्या भिंतीला चिकटलेलं थोडं चांगलं अंडाशयही जातं, त्यात बीजं असतात, आणि ऑपरेशननंतर बीजांचा साठा थोडा घटलेला दिसतो. मोठ्या गाठीत हा सौदा परवडतो. लहान, न दुखणाऱ्या गाठीत, पुढच्या वर्षी मूल हवं असताना, मला तो परवडत नाही असं वाटतं. कॅन्सरची भीती मी या हिशेबात धरलेलीच नाही. डर्मॉइडमध्ये पुढे कॅन्सर होणं शंभरात एक-दोनहूनही कमी, आणि ते बहुतेक पाळी गेलेल्या वयात, मोठ्या गाठींत.

राहिला पीळ. अंडाशय गर्भपिशवीच्या बाजूला देठावर लोंबकळतं. गाठीने ते जड झालं की देठाभोवती गिरकी घेऊ शकतं, आणि देठातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. उजवीकडे हे जास्त होतं, कारण डावीकडे मोठ्या आतड्याचा भाग जागा अडवून बसलेला असतो. ऑपरेशन झालेल्या बायकांच्या नोंदींत पिळाचं प्रमाण शंभरात तीन-चारपासून पंधरापर्यंत सांगतात. पण त्या मुख्यतः मोठ्या, त्रास देणाऱ्या गाठी असतात. पाच सेंटिमीटरच्या आतल्या, शांत गाठीला पीळ पडणं त्याहून बरंच कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे.

एक प्रसंग सांगते. जुलै महिना, तुफान पाऊस. खाडीपलीकडच्या गावातली १९ वर्षांची मुलगी. उजवीकडे सात सेंटिमीटरची डर्मॉइड आहे हे दोन महिन्यांपासून ठाऊक होतं आणि ऑपरेशन गणपतीनंतर करायचं ठरलं होतं. रात्री नऊला तिला उजव्या ओटीपोटात एकदम कळ आली, मग उलट्या. जवळच्या दवाखान्यात पित्त म्हणून इंजेक्शन दिलं गेलं. कळ थोडी उतरली, घरच्यांना हायसं वाटलं. पहाटे पुन्हा कळ, पुन्हा इंजेक्शन. सोनोग्राफीचा रिपोर्ट घरातच राहिला होता, दवाखान्यात कुणी गाठीचं नावही काढलं नाही. ती माझ्याकडे पोचली दुपारी बाराला, म्हणजे पंधरा तासांनी. आत अंडाशय जांभळासारखं काळंनिळं झालेलं, देठाला दोन पूर्ण पीळ. आम्ही ते उलटं फिरवून मोकळं केलं, गाठ काढली आणि अंडाशय तिथेच ठेवलं. पूर्वी असं काळं पडलेलं अंडाशय काढून टाकायचे. आता कळलंय की दिसतं मेलेलं, पण बऱ्याचदा पुन्हा जगतं. या मुलीचं जगलं, सहा महिन्यांनी सोनोग्राफीत त्यात बीज वाढताना दिसलं. पण प्रत्येकीचं नशीब इतकं चांगलं नसतं, आणि पंधरा तास हा काही मिरवायचा आकडा नाही.

त्या रात्री चुकलं काय, तर कळ येऊन-जाऊन होती. पीळ कधी थोडा सुटतो, कधी पुन्हा आवळतो, म्हणून दुखणं लाटेसारखं येतं आणि मधे फसवं बरं वाटतं. उजवीकडे असलं की अपेंडिक्स वाटतं, कुशीत गेलं की मुतखडा वाटतो. तुम्हाला तर मुतखडा होऊन गेलाय, म्हणजे पुढची कळही त्याच्याच खात्यावर टाकायचा मोह होणार. मुतखड्याची कळ पाठीकडून जांघेकडे उतरते आणि लघवीला जळजळ असते. पिळाची कळ ओटीपोटात एका बाजूला बसते आणि तिच्यासोबत बऱ्याचदा उलटी असते. पण हा फरक घरी बसून करायचा नाही. डॉपलर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला म्हणजे पीळ नाही असंही नसतं. काही वेळा प्रवाह दिसत असतानाही आत पीळ निघतो. अशा वेळी डॉक्टरांचा हात आणि तुमचं सांगणं मशीनपेक्षा वरचढ ठरतं.

म्हणून हे आजच करा. रिपोर्टाचा फोटो तुमच्या, सासूबाईंच्या आणि एका शेजाऱ्याच्या फोनमध्ये असू दे. मिस्टर बोटीवर असताना रात्री गाडी कुणाची, हे त्या माणसाशी बोलून ठेवा. १०८ ला फोन करायचाच, पण पावसात ती यायला उशीर झाला तर दुसरी सोय हवी. ओटीपोटात एकाएकी जोराची कळ आणि उलटी झाली, तर काही खायचं-प्यायचं नाही, कारण भूल द्यावी लागू शकते. दुखणं दाबून सकाळची वाट बघायची नाही. जिथे रात्री भूलतज्ज्ञ मिळतो तिथेच थेट जायचं. मधे एका दवाखान्यात थांबून इंजेक्शन घेण्यात दोन तास जातात, आणि अंडाशयाला ते दोन तास महाग पडतात. तुमच्या भागातून ओरोसचं सरकारी रुग्णालय, पलीकडे गोव्यात बांबोळी, किंवा घाट चढून कोल्हापूर. दरड येऊन घाट बंद असेल तर कोल्हापूरचा पर्याय त्या रात्री नसतोच, तेव्हा पावसाळ्याचा आणि उन्हाळ्याचा रस्ता वेगळा ठरवा. पोचल्यावर पहिलं वाक्य हे म्हणायचं : ‘मला उजव्या ओव्हरीत डर्मॉइड आहे, पीळ पडला असेल.’ एवढ्या एका वाक्याने त्या मुलीचे दहा तास वाचले असते.

दुसऱ्या मुलाबद्दल. डर्मॉइडमुळे दिवस राहायला अडचण येत नाही, त्या बाजूच्या अंडाशयातूनही बीज सुटतं. गरोदरपणात गाठी बहुतेक शांत राहतात. पीळ पडायचाच तर पहिल्या चार महिन्यांत जास्त, कारण वाढणारी गर्भपिशवी तेव्हा अंडाशयाला ओटीपोटातून वर ढकलत असते. गाठ पाचच्या आत असेल तर मी तिला हात न लावता दिवस राहू देईन, आणि प्रत्येक सोनोग्राफीत ती बघायला सांगेन. सहाच्या वर असेल तर दिवस राहण्याआधी काढलेली बरी. कारण मधेच त्रास सुरू झाला तर गरोदर असताना ऑपरेशन करावं लागतं. ते करता येतं, पण टाळता आलं तर कोण करील? तुमची गाठ या दोन आकड्यांच्या अलीकडे आहे. मात्र तिचं माप कमी भरलं असण्याची शक्यता मी वर सांगितली, म्हणून दिवस राहायच्या आधीची ती सोनोग्राफी महत्त्वाची.

ऑपरेशनकडे मी केव्हा वळेन? नव्या सोनोग्राफीत गाठ सहाच्या आसपास किंवा पुढे निघाली तर. त्या बाजूला ओढल्यासारखं दुखायला लागलं, विशेषतः वाकताना किंवा संबंधाच्या वेळी, तर. वर्षात दोन सेंटिमीटर वाढली तर. घट्ट भागात रक्तप्रवाह दिसला किंवा पोटात पाणी दिसलं तर लगेच, आणि तेही कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला दाखवून. पाळी गेलेल्या बाईत हीच गाठ असती तर मी इतकी निवांत नसते. आणि मिस्टरांबरोबर तुम्हीही काही महिने बोटीवर जाणार असाल, तरीही मी काढायचं म्हणेन, कारण समुद्रात भूलतज्ज्ञ नसतो.

काढायची वेळ आलीच तर एक वाक्य विचारा : ‘गाठ काढणार की अंडाशय?’ तुमच्या वयात गाठ सोलून अंडाशय ठेवायचं, हेच धोरण असायला हवं. संमतीपत्रावर ‘गरज पडल्यास अंडाशय काढणे’ असं लिहिलेलं असतं. ती गरज कोणती, ते सही करण्याआधी समजून घ्या. गर्भपिशवीचा यात काही संबंध नाही. ‘पोट उघडलंच आहे तर पिशवीही काढून टाकू’ असं कुणी म्हणालं, तर रिपोर्ट उचलून घरी या.

दुर्बिणीतून करतात तेव्हा पूर्ण भूल देऊन पोटावर तीन-चार बारीक छेद घेतात. गाठ अंडाशयापासून सोलतात, एका प्लास्टिकच्या पिशवीत घालतात आणि पिशवीसकट बाहेर ओढतात. सोलताना गाठ फुटून तेल पोटात सांडणं अगदी नेहमीचं आहे, त्याला चूक म्हणू नका. पण ते तेल पोटात राहिलं तर अस्तराला जाळतं आणि आतडी चिकटतात. म्हणून कोमट सलाइनने, गरज पडली तर कित्येक लिटर वापरून, पोट धुतात. कोमट अशासाठी, की हा मेद अंगाच्या उबेत पातळ असतो आणि गार पाण्याने थिजतो, थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं तसा, आणि मग निघत नाही. धुतल्यावर त्रास होणं फार विरळ. दुर्बीण नसेल तर लहान छेदाने उघडून केलेलं ऑपरेशनही चांगलंच. त्यात सांडणं कमी होतं, बरं व्हायला मात्र आठवडा-दोन आठवडे जास्त. सुईने गाठीतलं पाणी काढू, असं सुचवलं तर नाही म्हणा. त्यात पाणी नसतं, आणि भोक पडलं की तेच तेल पोटात गळतं.

काढलेली गाठ पॅथॉलॉजीला जायलाच हवी. घरच्यांना बघायची असेल तर फोटो काढून घ्या, बरणीतून गावी नेऊ नका. हे मी हसून लिहीत नाही, एकदा नेलेली आहे, आणि मग तपासायला काही उरलं नाही. दुर्बिणीनंतर एक-दोन दिवसांत घरी, आठ-पंधरा दिवसांत घरकाम, पण जड उचलणं महिनाभर नाही. देवगडात याचा अर्थ आंब्याच्या पेट्या नाहीत, तेव्हा ठरवून करायचं ऑपरेशन हंगामात ठेवू नका. खर्चासाठी, महात्मा फुले योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. काढल्यावरही शंभरात तीन-चार जणींना पुन्हा गाठ होते, म्हणून नंतरही वर्षाची एक सोनोग्राफी सुटत नाही.

तर आत्ता, तीन महिन्यांनी ती सोनोग्राफी. त्याच वेळी मिस्टर घरी येत असतील तर दोघं मिळून जा, निर्णय एकटीने घ्यायचा नाही. माप तेवढंच असलं तर पुढची सहा महिन्यांनी, त्यानंतर वर्षाला एक. नवा रिपोर्ट जुन्याशेजारी ठेवून तिन्ही आकडे मला कळवा. आणि हो, सासूबाईंना कौल उजवा मिळाला की डावा, ते तुम्ही लिहिलंच नाहीत.